दातांच्या दवाखान्याचं बारसं

लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्याची पाटी मोठी चमत्कारिक असते. ती ज्याच्यासाठी लावलेली असते त्याला वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतं त्याला त्या खुर्चीवर बसवत नाहीत. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात डोकावतो आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल एकदा तरी दाखवून न्यावं, असं या विषयातली डॉक्टर मंडळी सांगतात. म्हणजे पाटीचा खरा मालक कडेवर बसून येतो. अक्षरओळख दूरच राहिली, त्याला नुकते घरातले चेहरे ओळखू यायला लागलेले असतात.

हे ज्ञान मला माझ्या पुतणीमुळे झालं. बीडीएसवर आणखी तीन वर्षं घालवून ती मुलांच्या दातांची एमडीएस झाली आणि पुण्याला न रमता यवतमाळला परतली. आर्णी रोडवर तळमजल्याचा गाळा मिळाला. खुर्ची आली, कॉम्प्रेसर आला, इन्व्हर्टर आला (यवतमाळात तो सगळ्यांच्या आधी यायला हवा होता), आणि मग लक्षात आलं की नाव राहिलं. नावं ठेवण्यात आमचं घराणं पिढीजात तरबेज. पण नाव ठेवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांची दातखीळ बसली.

पहिली सूचना अर्थातच ‘एकदंत’. ती थोरल्या भावाची, म्हणजे मुलीच्या बापाची. महाराष्ट्रात ज्या गावात दातांचे चार दवाखाने असतील तिथे एखादा ‘एकदंत’ सापडायला हरकत नाही. शिवाय कळंबचा चिंतामणी आमच्याच जिल्ह्यातला, त्यामुळे भावाला हे नाव म्हणजे घरचंच कार्य वाटत होतं. पण या नावाचा दंतवैद्यकीय अंगाने कुणी विचार केलेला दिसत नाही. एकदंत म्हणजे ज्याचा एकच दात शिल्लक आहे तो. दुसरा परशुरामाच्या परशूने गेला असं काही जण सांगतात, महाभारत लिहायला लेखणी म्हणून त्याने स्वतःच मोडून घेतला असं दुसरे सांगतात. कारण काहीही असो, दात गेला हे पक्कं, आणि नंतर तो कुणीही बसवून दिला नाही, हेही पक्कं. अशा देवाचं नाव दवाखान्याला देणं म्हणजे आमच्याकडून निघताना किती दात शिल्लक असतील, याची आगाऊ कल्पना देण्यासारखं आहे.

“काका, देवाचं नाव नकोच,” पुतणी म्हणाली. “मूल रडलं की देवावरही राग धरतं.”

मग वहिनींनी ‘मोती’ काढला. नाव गोड, लहान, तोंडात मावणारं. मला तर एकदम आवडलं. पुतणीने मात्र असा चेहरा केला की तिलाच कीड लागली असावी. तिचं म्हणणं ऐकल्यावर वाटलं, हे नाव मुंबईत चालेल, यवतमाळात नाही. आमच्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरी जामणी या बाजूच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त येतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते पिण्यात नको, असं मानतात. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, मुलाच्या पोटात हे पाणी सतत जात राहिलं तर दात घडतानाच बिघडतो. बाहेर येतो तो खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग घेऊनच. डाग वरून लागलेला नसतो, तो दाताच्या विणीतच असतो. म्हणून घासून जात नाही. आईबाप मात्र पोराला मंजन, मीठ, कोळसा जे हाती लागेल ते देऊन घासायला लावतात आणि वर आळशी म्हणतात. असं पोर वीस-पंचवीस कोस एसटीने हादरत यवतमाळला येणार आणि दारात काय वाचणार? ‘मोती’. त्याच्या बाजूला पांढऱ्याशुभ्र बत्तिशीचं कुण्या परदेशी बाळाचं चित्र. भीती कमी करायला निघालो आणि पोराला तोंडावर हात ठेवून बसवलं, असं व्हायचं.

(याच पाण्याची एक गंमत तिला पुढे रोज भेटणार होती. कीड लागू नये म्हणून ती दातांना फ्लोराइडचा लेप लावायला जाते आणि गावाकडचा बाप उखडतो, “मॅडम, फ्लोराइडनंच तं दात गेले ना जी, आन तुमी अजून लावता?” प्रश्न अगदी रास्त आहे. घडणाऱ्या दाताला पोटातून जाणारं जास्त फ्लोराइड बाधतं आणि बाहेर आलेल्या दाताला वरून लावलेलं थोडंसं राखतं, हे समजावताना तिची दहा मिनिटं जातात. तेवढ्यात दोन पोरांना लेप लागला असता.)

मग इंग्रजीची लाट आली. आतेभावाचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याने फोनवरून एका दमात ‘टायनी टीथ’, ‘लिटल स्माइल्स’, ‘हॅपी मोलर्स’ अशी यादी पाठवली. इथे कायदा आडवा आला. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान आस्थापनेलाही पाटी मराठीत, देवनागरीत लावावी लागते आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा बारीक चालत नाही. दवाखानाही यात धरला आहे. म्हणजे आधी आणि मोठ्या अक्षरांत ‘हॅपी मोलर्स’. आईने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “हा कोणाचा पोरगा?”

शास्त्रशुद्ध नाव घ्यावं तर ‘बालदंतरोगतज्ज्ञ’. यात एका बालाच्या मागे रोग आणि तज्ज्ञ असे दोघं लागलेले आहेत. शिवाय पाटीवाला ‘तज्ज्ञ’ शब्दातला एक ज खाणार हे ठरलेलं. इंग्रजी पदवी ‘पेडोडॉन्टिस्ट’. ती आमच्या गल्लीत एका आठवड्यात ‘पेढ्याची डॉक्टर’ झाली. मुलांना हे नाव अतोनात आवडलं. पण दातांच्या डॉक्टरने पेढ्याच्या नावावर धंदा करणं म्हणजे पोलिसाने कुलपाच्या दुकानात भागी ठेवण्यासारखं होतं.

आईची स्वतःची सूचना मला अजूनही सर्वांत चांगली वाटते. ती म्हणाली, “उंदीरमामा ठेवा.” आपल्याकडे पडलेला दुधाचा दात उंदराच्या बिळाशी ठेवतात नाहीतर कौलावर फेकतात आणि उंदराला त्याच्यासारखा दात मागतात. ही मागणी आपल्या अडाणी पूर्वजांनी फार विचारपूर्वक केलेली आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. दात मागायचाच तर त्याच्याकडेच मागावा. आणि हा उंदीर काही आपल्याच कौलावरचा नाही. स्पेनमध्ये 1894 च्या सुमारास तिथल्या राजाचा, आठ वर्षांच्या तेराव्या अल्फोन्सोचा दात पडला, तेव्हा दरबाराच्या सांगण्यावरून लुइस कोलोमा नावाच्या पाद्री लेखकाने पेरेझ नावाच्या उंदराची गोष्ट लिहिली. माद्रिदमध्ये आज त्या उंदराचं छोटं संग्रहालय आहे. माद्रिदला जे चालतं ते आर्णी रोडला चालायला हरकत नव्हती.

हरकती दोन निघाल्या. दवाखान्याच्या पाटीवर उंदीर काढला की आतल्या स्वच्छतेबद्दल लोक आपापला निष्कर्ष काढतात. दुसरी हरकत पुतणीची होती आणि ती बिनतोड होती. “आजी, उंदीर दात घेऊन जातो. मला ते ठेवायचे असतात.”

इथे तिने एक लांबलचक व्याख्यान दिलं, ते थोडक्यात सांगतो, कारण ‘दुधाचे दात’ हे माझं स्वतःचं लाडकं नाव त्यातच गारद झालं. यवतमाळात, आणि मला वाटतं सगळीकडेच, आईबापांचा एक ठाम सिद्धांत असतो. दुधाचे दात, पडणारच आहेत, त्यावर पैसे कशाला घालायचे? पुढचे सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या खाली घडणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखून बसलेल्या असतात, एसटीत रुमाल टाकून ठेवतात तशा. पाचव्या वर्षी किडून दाढ काढावी लागली आणि तिथे काही बसवलं नाही, तर मागची दाढ हळूहळू पुढे सरकते आणि खालचा दात वर येतो तेव्हा त्याला उभं राहायला जागा नसते. त्यात सहाव्या वर्षी आणखी एक गनिमी प्रकार घडतो. पहिली पक्की दाढ कुठलाही दात न पाडता, सगळ्यांच्या मागे, गुपचूप उगवते. काही पडलं नाही म्हणून घरच्यांना वाटतं हीही दुधाचीच. ती किडते, आणि पडणारच आहे म्हणून सोडून देतात. ती पुन्हा येणार नसते. आता अशा गावात पाटीच ‘दुधाचे दात’ अशी लावली, तर त्या सिद्धांतावर डॉक्टरनेच सही केल्यासारखं होईल. शिवाय, भाऊ म्हणाला, सकाळी सहाला लोक पिशवी घेऊन अर्धा लिटर म्हशीचं मागायला येतील.

तोवर फ्लेक्सवाला नमुने घेऊन आला. नाव ठरलेलं नव्हतं, पण चित्र तयार होतं. या चित्राबद्दल मला कधीचं बोलायचं आहे. ते तुम्ही पाहिलेलं आहे. एक गुबगुबीत दात, त्याला डोळे, हात, एका हातात ब्रश, खाली दोन पाय, आणि तोंडभर हसू. हसताना त्याचे दात दिसतात. दाताला दात. त्या दातांची निगा कोण राखतं, त्यातला एखादा किडला तर हा दात कुणाकडे जातो, हे प्रश्न फ्लेक्सवाल्याला विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहणं सोडलं आणि पुतणीशी बोलायला लागला.

पण तिचा आक्षेप पायांवर होता. हे पाय म्हणजे मुळं. दोन पाय म्हणजे खालची दाढ, कारण वरच्या दाढेला तीन असतात. आणि दुधाचा दात पडायच्या आधी त्याची मुळं आतल्या आत विरघळत जातात, म्हणून पडलेला दात नेहमी बिनपायाचा, नुसत्या टोपीसारखा हाती येतो. तो पाहून अर्धे आईबाप धावत येतात, “मॅडम, मूळ आतच राहिलं!” मूळ कुठेच राहिलेलं नसतं. पण दारात पायवाला दात हसत उभा असेल तर त्यांनी तरी काय समजावं? आणि मुलांचं म्हणाल तर दुसऱ्या एका दवाखान्यात तिने पाहिलं होतं, चार वर्षांचा एक मुलगा ते चित्र निरखून बघत होता आणि मग म्हणाला, “माझा दात ओढला तर त्याचे पाय तुटतील ना?” हसऱ्या चित्राने त्याला आणखी एका जिवाची काळजी लावली होती.

एवढ्यावर नाव शोधण्याचा माझा उत्साह संपत आला होता. तेव्हा पुतणीने आपली परीक्षा मांडली. आधीच का नाही सांगितली, असं विचारलं तर म्हणाली, “तुम्हाला मजा येत होती.” तिचं म्हणणं असं की दवाखान्याचं नाव मूल पाटीवर वाचत नाही, ते घरात ऐकतं. आणि घरात ते एकाच वाक्यात येतं. कुठलंही नाव घ्या आणि त्या वाक्यात बसवा:

“दात नाई घासले तं तुले अमक्यात नेतो आन सुई टोचाले लावतो.”

आता ‘टायनी टीथ’ बसवा. ‘लिटल स्माइल्स’ बसवा. ‘मोती’, ‘फुलपाखरू’, ‘चांदोबा’, काहीही बसवा. आठवड्याभरात चांदोबाला घाबरणारी पिढी तयार. नाव किती मऊ आहे याला काडीची किंमत नाही, कारण ते ज्या धमकीत जातं तिचा रंग त्याला चढतो. पूर्वी हीच नोकरी बागुलबुवाकडे होती. तो बिनपगारी होता आणि त्याला पाटी नव्हती.

मी विचारलं, मग अशा वाक्यात टिकणारं नाव कोणतं? ती म्हणाली, ज्याने ते वाक्यच हास्यास्पद होईल असं. म्हणजे असं काही, की आईच्या तोंडून धमकी निघताना तिलाच वाटावं, हे काही जमत नाही. दुसरी अट, समोरचे चार दात पडलेल्या पोराला ते म्हणता यायला हवं. ‘स्मित’ म्हणायला सांगून पाहा. सगळा वारा त्या खिडकीतून निघून जातो. ज्यांना दातच लागत नाहीत अशी अक्षरं हवीत, प फ ब भ म. बाळं बोलायला लागतात तीही याच अक्षरांनी. तिसरी अट, बारा-तेरा वर्षांचा, मिसरूड फुटू घातलेला मुलगा दाताच्या तारा बसवायला येतो, त्याला मित्रांदेखत त्या दारातून आत जायची लाज वाटू नये.

या कसोटीवर मला अचानक एक नाव सुचलं आणि मी जागेवरून उठलोच. ‘कापूसकोंड्या’! कापसाचा जिल्हा, आणि तिच्या टेबलावर पहिली वस्तू कोणती, तर कापसाची गुंडाळी. गालाच्या आत ठेवून लाळ टिपतात ती. तोंडात घालायच्या सगळ्या सामानात आमच्या पोरांच्या ओळखीचं तेवढंच. कापूसकोंड्याची गोष्ट तर प्रत्येकाला माहीत. धमकीत बसवून पाहिलं, हसू आलं. सगळ्यांना पटलं. फ्लेक्सवाल्याने ते वहीत लिहूनही घेतलं.

भाऊ तेवढा गप्प होता. मग म्हणाला, “कापूसकोंड्याची गोष्ट कधी संपते का रे?”

संपत नाही, हेच तर तिचं वैशिष्ट्य. आणि दाताच्या डॉक्टरबद्दल आईबापांची मुख्य तक्रार कोणती? हीच. एका दाढेसाठी एकदा या, मग पुढल्या बुधवारी या, मग टोपी बसवायला या. पाटीवर हे नाव वाचून खिसा चाचपत जो माणूस परत फिरेल त्याला दोष देता आला नसता. वहीतलं नाव खोडलं.

नंतर मी तिच्या दवाखान्यात बसून पाहिलं, तेव्हा कळलं की खरं नामकरण आतच चालतं. सांगायचं, दाखवायचं, मग करायचं, अशी पद्धत 1959 साली अ‍ॅडलस्टन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने मांडली, आणि तिचा सगळा डोलारा नावांवर उभा आहे. लाळ ओढणारी नळी म्हणजे तहानलेला पाइप. तो आधी पेल्यातलं पाणी पिऊन दाखवतो, मग तळहातावर येतो, मग तोंडात. दात कोरणारं यंत्र म्हणजे शिट्टी. ‘सुई’, ‘दुखणं’, ‘कापणं’ हे शब्द दवाखान्यात बंद. “दुखणार नाही” हेही बंद, कारण मुलाला त्यातलं ‘दुखणार’ तेवढं ऐकू येतं. पाणी उडवणाऱ्या नळीला कॉलेजात ‘फवारा’ म्हणायला शिकवलं होतं. तो शब्द तिने इथे येताच टाकला. 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात शेतकरी दगावले. ज्या घरातून माणूस गेला त्या घरचं पोर खुर्चीत बसलेलं असू शकतं. इथे त्या नळीला ‘पिचकारी’ म्हणतात.

गोड नावाचेही तोटे असतात. भूल देणं याला ती ‘दाताला झोपवणं’ म्हणते. आधी आंब्याच्या वासाचा लेप हिरडीला, मग गाल हलवत हलवत हळूच बाकीचं. पण एका मुलीने घरी जाऊन झोपलेला ओठ उठतो का ते पाहायला तो चावून चावून सुजवला. भूल दोन-तीन तास राहते आणि तेवढा वेळ मुलाच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. आता झोपेबरोबर आईच्या हातात ताकीदही जाते: उठेपर्यंत बिस्कीट नाही, आणि ओठाशी खेळ नाही.

पाटी शेवटी लागली ती कुणाच्याच मनासारखी नाही. दंतपरिषदेचे 2014 चे आचारनियम तिने काढून दाखवले. पाटी अवाढव्य नको, आणि तिच्यावर डॉक्टरचं नाव, पदवी, विषय, नोंदणी क्रमांक, एवढंच. नियम अक्षरशः वाचला तर पायवाला दातही गेला आणि आमची सगळी बैठकही गेली. फ्लेक्सवाल्याने आगाऊ रक्कम परत केली नाही, हे त्याचं बरोबरच होतं.

राहता राहिली बंगई. जुन्या वाड्यातली सागवानी बंगई भावाच्या फ्लॅटमध्ये मावत नव्हती, म्हणून ती दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टांगली. पितळी कड्या, करकर आवाज, एका वेळी पाच पोरं. दात दाखवायला आलेला भाऊ आणि नुसती बसायला आलेली बहीण, दोघं त्यावर. तारा लावलेला तेरा वर्षांचा मुलगाही मोबाइल बघत असल्याचं दाखवत एका पायाने झोका देत असतो. ऑटोवाल्यांनी महिन्याभरात नाव ठेवून टाकलं. बसस्टँडवरून “बंगईचा दवाखाना” म्हटलं की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. पुढचे चार दात नसलेला मुलगा ‘बंगई’ अगदी स्वच्छ म्हणतो, मी म्हणवून पाहिलं.

आणि परवा दारव्ह्याकडच्या एक आजी नातवाला ओढत आत आल्या. नातू खुर्चीत बसायला तयार, पण बंगईवरून उतरायला तयार नव्हता. आजींनी पदर खोचला, बोट उगारलं, आणि आमच्या सगळ्यांच्या देखत त्याला दरडावलं:

“उतर म्हनतो ना! दात नाई घासले तं पुढच्या बुधवारी तुले बंगईच्या दवाखान्यात आननारच नाई, पाय!”